दोन, चार की सात वायल? क्लायहावर स्लाइडवरून अँटी-डीचा डोस

प्रश्न : आमच्या रुग्णालयात आरएच निगेटिव्ह आईला प्रसूतीनंतर ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी सरसकट देतात. परवा वार आधीच सुटल्यामुळे ३६व्या आठवड्यात सिझेरियन झालेल्या एका बाईचं क्लायहावर केलं. २००० पेशींत ३४ गर्भपेशी, म्हणजे १.७ टक्के. आईचं वजन ५२ किलो, हिमोग्लोबिन ८.६. बाळ आरएच पॉझिटिव्ह, वजन २.६ किलो, हिमोग्लोबिन ८.४. डोस काढताना एका डॉक्टरांचं उत्तर २ वायल आलं, दुसऱ्यांचं ४ आणि तिसऱ्यांचं ७. बरोबर कोण? आणि स्लाइडवरच्या फिक्या गुलाबी पेशी मोजायच्या की सोडायच्या?

उत्तर : चार. दोन आणि सात ही दोन्ही उत्तरं एकाच गोंधळातून येतात, फक्त उलट्या दिशांनी. सातने थोडं औषध वाया जातं, पण दोनने ही बाई पुढच्या गरोदरपणात अडचणीत येऊ शकते. म्हणून हिशेब नीट उलगडून सांगतो. पण त्याआधी स्लाइडकडे बघायला हवं, कारण ३४ हा आकडाच चुकला असेल तर पुढचं सगळं गणित व्यर्थ.

आईच्या रक्तात आलेल्या गर्भपेशी मोजायची ही पद्धत क्लायहावर, ब्राउन आणि बेटके यांनी १९५७ साली मांडली. तत्त्व साधं आहे. प्रौढांचं हिमोग्लोबिन ए आम्ल बफरमध्ये विरघळून पेशीबाहेर निघून जातं, गर्भाचं हिमोग्लोबिन एफ मात्र पेशीतच टिकून राहतं. नंतर रंग दिला की गर्भपेशी गडद गुलाबी दिसतात आणि आईच्या पेशींचं फक्त फिकं कवच उरतं. त्यांना आपण घोस्ट म्हणतो.

कृतीही लांबलचक नाही. ईडीटीए बल्बमधलं रक्त सलाइनमध्ये साधारण निम्मं पातळ करायचं, पातळ स्मिअर ओढायचा आणि हवेवर पूर्ण वाळू द्यायचा. मग ८० टक्के इथेनॉलमध्ये ५ मिनिटं फिक्स करायचा, धुऊन पुन्हा वाळवायचा. सायट्रेट-फॉस्फेट बफर ३.२ ते ३.३ पीएचचा असावा आणि तो ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये आधीपासून गरम झालेला असावा. त्यात स्लाइड साधारण ५ मिनिटं ठेवायची, धुवायची आणि एरिथ्रोसिनने रंगवायची. हिमॅटॉक्सिलिनचा हलका हात दिला तर पांढऱ्या पेशींचं केंद्रक निळसर दिसतं. त्याचा उपयोग होतो, कारण लिम्फोसाइट कधी कधी गुलाबीसर दिसते आणि घाईत गर्भपेशी म्हणून मोजली जाते.

बिघडतं ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी. स्मिअर जाड असेल तर एकमेकींवर चढलेल्या पेशींपर्यंत आम्ल नीट पोचत नाही आणि आईच्याच पेशी गुलाबी राहतात. बफरचा पीएच वर सरकला किंवा तो थंडच वापरला तरी तेच होतं. उलट पीएच फार खाली गेला किंवा स्लाइड जास्त वेळ बुडून राहिली तर गर्भपेशींमधलंही हिमोग्लोबिन निघून जातं. ही तिसरी चूक सगळ्यांत वाईट, कारण स्लाइड अगदी स्वच्छ आणि सुंदर दिसते आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ जातो.

म्हणून प्रत्येक बॅचला दोन कंट्रोल हवेत. एक, निरोगी पुरुषाचं रक्त. त्यात गडद पेशी जवळजवळ दिसताच कामा नयेत. दुसरा, त्याच रक्तात १०० भागांत १ भाग या प्रमाणात मिसळलेलं ताजं कॉर्ड ब्लड. दोन्ही नमुन्यांचं हिमॅटोक्रिट आधी सारखं करून घ्यायचं, नाहीतर ‘१ टक्का’ प्रत्यक्षात १ टक्का राहत नाही. हा कंट्रोल मोजून साधारण १ टक्का यायला हवा. ०.४ आला तर रुग्णाच्या स्लाइडकडे बघूच नका, बफर नवा करा. तुमच्या ३४ पेशी मोजल्या त्या दिवशी हा कंट्रोल लावला होता का, हे आधी तपासा.

आता फिक्या गुलाबी पेशी. प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात बाळाचं रक्त मिसळतं तेव्हा स्लाइडवर दोन स्पष्ट गट दिसतात: एकतर गडद, चमकदार, थोड्या मोठ्या पेशी, नाहीतर रिकामी कवचं. मधल्या छटा फारशा नसतात. मधल्या छटांच्या पेशी म्हणजे बहुधा आईच्याच, थोडं हिमोग्लोबिन एफ बाळगणाऱ्या पेशी. गरोदरपणात काही स्त्रियांमध्ये त्या आपोआप वाढतात. बीटा थॅलेसेमिया ट्रेटमध्ये वाढतात, सिकलसेलमध्ये वाढतात आणि आनुवंशिक हिमोग्लोबिन एफ टिकून राहिलेल्यांमध्ये तर खूपच. तेव्हा फिक्या पेशी मोजायच्या नाहीत, पण त्या पुष्कळ दिसल्या तर रिपोर्टवर तसं लिहायचं.

महाराष्ट्रात हा मुद्दा पुस्तकी नाही. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यांत सिकलसेल भरपूर आहे आणि आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांमध्ये हिमोग्लोबिन एफ आफ्रिकी वंशाच्या बहुतेक रुग्णांपेक्षा बरंच जास्त असतं. सिंधी, लोहाणा, भानुशाली कुटुंबांत थॅलेसेमिया ट्रेट वारंवार भेटतो. त्यामुळे मी क्लायहावर वाचण्याआधी गरोदरपणातला एचपीएलसी रिपोर्ट मागतो. त्यात हिमोग्लोबिन एफ वाढलेलं असेल तर स्लाइडवरच्या टक्केवारीवर एकट्यानं विसंबत नाही. प्रसूतीआधी घेतलेला त्याच बाईचा ईडीटीए नमुना प्रयोगशाळेत अजून शिल्लक असेल तर त्याची स्लाइड शेजारी लावतो. आधीच्या स्लाइडवरही तेवढ्याच गुलाबी पेशी असतील तर त्या बाळाच्या असण्याची शक्यता कमी. सिकलसेल रोग असलेल्या आईमध्ये तर क्लायहावर जवळजवळ निरुपयोगीच. तिथे अँटी-डी लावून केलेली फ्लो सायटोमेट्री लागते, कारण ती हिमोग्लोबिनकडे न बघता थेट आरएच पॉझिटिव्ह पेशी मोजते.

तुमच्या रुग्णाबाबत एक पडताळणी प्रश्नातच आहे. बाळाचं हिमोग्लोबिन ८.४ आहे. गर्भ आणि वार मिळून रक्त किलोमागे साधारण १०० ते १२० मिली धरलं तर २.६ किलोच्या बाळात ते २६० ते ३१० मिली होतं. १.७ टक्क्यांवरून सुमारे ८५ मिली रक्त आईकडे गेलं असं निघतं, म्हणजे पाव ते एक तृतीयांश. बाळाचा फिकेपणा त्याच्याशी जुळतो. याउलट स्लाइड ८५ मिली सांगते आणि बाळ लालबुंद, हिमोग्लोबिन १७, असं असतं तर मी आधी आईच्या पेशींवर संशय घेतला असता. अर्थात रक्तस्राव अगदी ताजा असेल तर बाळाचं हिमोग्लोबिन उतरायला काही तास लागतात, त्यामुळे जन्मल्याबरोबरच्या एकाच आकड्यावर निकाल देऊ नका.

आता डोस. इथे दोन परंपरा आहेत आणि दोन आणि सात सांगणाऱ्या डॉक्टरांनी त्या एकमेकींत मिसळल्या.

अमेरिकी पद्धत संपूर्ण रक्तात बोलते. आईचं रक्त ५००० मिली धरायचं, म्हणून टक्केवारीला ५० ने गुणलं की बाळाचं किती रक्त आलं ते मिळतं. ३०० मायक्रोग्रॅमची एक वायल ३० मिली संपूर्ण रक्ताला पुरते, म्हणून ३० ने भागायचं.

```
34 / 2000 × 100 = 1.7 %
1.7 × 50        = 85 mL (संपूर्ण रक्त)
85 / 30         = 2.83  →  3
3 + 1           = 4 वायल
```

दशांशानंतरचा आकडा ५ किंवा जास्त असेल तर वरचा पूर्णांक, कमी असेल तर खालचा; आणि दोन्ही वेळा वर एक वायल. म्हणजे २.८३ चे ३ अधिक १, आणि २.४ आलं असतं तर २ अधिक १.

ब्रिटिश पद्धत फक्त लाल पेशींत बोलते. आईच्या लाल पेशींचं आकारमान १८०० मिली धरतात. गर्भपेशी सुमारे २२ टक्क्यांनी मोठ्या असतात म्हणून १.२२ ने गुणतात आणि साधारण ९२ टक्केच गर्भपेशी गडद रंगतात म्हणून ०.९२ ने भागतात. तिन्ही मिळून जवळपास २४०० होतात. मग गर्भपेशींना आईच्या पेशींनी भागायचं आणि २४०० ने गुणायचं.

```
34 / 1966 × 2400 = 41.5 mL (फक्त लाल पेशी)
41.5 × 125 IU    = 5188 IU
5188 / 1500      = 3.46  →  4 वायल
```

स्नायूत द्यायच्या अँटी-डीसाठी तिथे मिलीला १२५ युनिट धरतात आणि आपली ३०० मायक्रोग्रॅमची वायल म्हणजे १५०० युनिट. बाळाचं हिमॅटोक्रिट साधारण ५० टक्के, त्यामुळे ८५ मिली रक्त म्हणजे सुमारे ४२ मिली लाल पेशी. दोन्ही पद्धती एकाच जागी पोचल्या ते उगाच नाही.

आता चुका. ‘दोन’ सांगणाऱ्यांनी ब्रिटिश सूत्रातले ४१.५ घेतले आणि अमेरिकी ३० ने भागले: १.३८, म्हणजे १, अधिक १. वायल ३० मिली रक्ताला पुरते, पण त्याच अमेरिकी हिशेबात लाल पेशींच्या भाषेत ती १५ मिलीलाच पुरते, हे निसटलं. ‘सात’वाल्यांनी ८५ मिली संपूर्ण रक्ताला १५ ने भागलं: ५.६७, म्हणजे ६, अधिक १. हा गोंधळ टाळायचा एकच उपाय मला माहीत आहे. रिपोर्टवर नुसतं ‘मिली’ कधीही लिहू नका, ‘मिली संपूर्ण रक्त’ किंवा ‘मिली लाल पेशी’ असं लिहा. आणि प्रयोगशाळेत एकच पद्धत भिंतीवर लावा, दुसरी काढून टाका.

त्या ‘अधिक १’ ला अनेक जण जादा सावधगिरी समजतात आणि औषध महाग म्हणून वगळतात. ते चूक आहे, आणि ते का हे सविस्तर सांगायला हवं. स्लाइडवरची मोजणी ही नमुन्याची मोजणी आहे. त्याच रक्ताची दुसरी स्लाइड केली तर ३४ ऐवजी २७ किंवा ४१ येऊ शकतात, आणि यात मोजणाऱ्याचा काही दोष नाही. ३४ या मोजणीमागचा खरा आकडा ९५ टक्के खात्रीने साधारण २४ ते ४७ च्या दरम्यान असतो, म्हणजे सुमारे ६० ते ११९ मिली. तीन वायल ९० मिलीपर्यंत पुरतात, चार १२० पर्यंत. ती चौथी वायल या अनिश्चिततेसाठी आहे. पेशी कमी दिसल्या तर ही अनिश्चितता प्रमाणाने आणखी मोठी होते. २००० मध्ये ६ पेशी म्हणजे कागदावर १५ मिली, पण प्रत्यक्षात ते ५ ते ३३ काहीही असू शकतं. १५ भागिले ३० म्हणजे ०.५, त्याचा १, अधिक १, एकूण २ वायल. बरोबर झाकलं जातं.

पण मोठ्या रक्तस्रावात हा नियम तोकडा पडतो. २००० मध्ये १०० पेशी दिसल्या तर २५० मिली आणि ९ वायल निघतात, ज्या २७० मिलीला पुरतात. खरी मर्यादा मात्र ३०० मिलीच्या आसपास जाऊ शकते. अशा वेळी दुसऱ्या तंत्रज्ञाकडून दुसरी स्लाइड मोजून घ्या, शक्य असेल तर नमुना फ्लो सायटोमेट्रीला पाठवा, आणि पुढे सांगितलेली फेरतपासणी तर अजिबात चुकवू नका.

मोजायचं कसं, याबद्दलही थोडं. स्मिअरच्या टोकाला आणि कडेला मोठ्या पेशी गोळा होतात, म्हणून मधल्या एकसारख्या भागातच नागमोडी सरकत मोजा. आयपीसमध्ये मिलर चौकट मिळाली तर काम फार सोपं होतं: गडद पेशी मोठ्या चौकोनात मोजायच्या, कवचं छोट्या चौकोनात मोजून ९ ने गुणायची. कवचं फिकी असल्यामुळे ती ‘अंदाजे’ धरण्याचा मोह होतो. कंडेन्सर थोडा खाली घ्या, कडा दिसायला लागतात. अंदाजाने धरलेला भाजक हा माझ्या मते या तपासणीतला सगळ्यांत दुर्लक्षित दोष आहे.

५००० मिली हे गृहीतक तुमच्या रुग्णाला लागू पडतं का? काटेकोरपणे नाही. ५२ किलोची बाई, शिवाय हिमोग्लोबिन ८.६. तिच्या लाल पेशींचं एकूण आकारमान १८०० मिलीपेक्षा बरंच कमी असणार, त्यामुळे खरा रक्तस्राव ८५ मिलीपेक्षा कमीच असेल. सडपातळ आणि ॲनिमिक आयांमध्ये सूत्र जास्त सांगतं. तरीही मी डोस कमी करणार नाही. थोडं जास्त अँटी-डी आईला अपाय करत नाही, कमी पडलं तर मात्र आई कायमची संवेदित होऊ शकते आणि मग कितीही वायल दिल्या तरी ते मागे फिरत नाही. ९५-१०० किलोच्या आईमध्ये उलट घडतं, तिथे सूत्र कमी सांगतं आणि वजनानुसार रक्ताचं आकारमान काढून हिशेब करावा लागतो.

नमुन्याच्या वेळेबद्दल. प्रसूतीनंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, म्हणजे बाळाच्या पेशी आईच्या रक्तात नीट मिसळल्यावर, आणि शक्यतो दोन तासांच्या आत, अँटी-डी देण्याआधी घ्यावा. वार सुटलेल्या बाईला रक्त चढवणार असाल तर त्याआधी घ्या, नाहीतर दात्याच्या पेशी भाजकात मिसळून टक्केवारी खाली येते. नमुना फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तपासला तरी चालतो, म्हणून प्रयोगशाळा बंद आहे ही सबब नमुना न घेण्याला पुरत नाही. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर आईची प्रतिपिंडं बाळाच्या पेशींना लवकर साफ करतात, त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यात त्या कमी दिसतात.

द्यायचं कसं? पहिली वायल स्लाइडची वाट न बघता द्या. बाकीच्या तीन रिपोर्ट आल्यावर, पण प्रसूतीपासून ७२ तासांच्या आत. ७२ तास उलटले तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडू नका, दहाव्या दिवसापर्यंत काही प्रमाणात फायदा मिळू शकतो. दंडाच्या डेल्टॉइडमध्ये द्या. कुल्ल्यात दिलेलं इंजेक्शन पुष्कळदा चरबीतच राहतं आणि सावकाश शोषलं जातं. चार वायल एकाच जागी देऊ नका, दोन्ही दंड आणि मांड्यांमध्ये विभागा. एका वेळी स्नायूत पाचपेक्षा जास्त वायल देत नाहीत. जास्त लागल्या तर ७२ तासांत टप्प्याटप्प्याने. वायलवर फक्त स्नायूसाठी असं लिहिलं असेल तर ती शिरेतून कधीही देऊ नका. या बाईत आणखी एक गोष्ट बघायला हवी: वार सुटल्यावर रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडू शकते. प्लेटलेट आणि पीटी बघितल्याशिवाय चार ठिकाणी सुया टोचू नका. बिघाड असेल तर शिरेतून देण्यायोग्य उत्पादन मागवा.

आणि हे सगळं करण्याआधी आईचा इनडायरेक्ट कूम्ब्स बघा. ती आधीच संवेदित असेल तर अँटी-डीने काही साधत नाही. मात्र २८व्या आठवड्यात प्रतिबंधक डोस दिला असेल तर त्यामुळेही कूम्ब्स हलका पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून इंजेक्शनची नोंद विचारल्याशिवाय ‘संवेदित’ असा शिक्का मारू नका. त्या एका शिक्क्यामुळे बाईला अँटी-डी नाकारलं जातं.

शेवटची वायल स्नायूत दिल्यापासून ७२ तासांनी क्लायहावर पुन्हा करा आणि सोबत कूम्ब्सही लावा. गडद पेशी नाहीशा झालेल्या आणि सीरममध्ये मोकळं अँटी-डी सापडतंय, म्हणजे डोस पुरला. गडद पेशी अजून दिसत असतील किंवा कूम्ब्स निगेटिव्ह असेल तर उरलेल्या पेशींवरून नव्याने हिशेब करून पुढच्या वायल द्या, आणि आणखी ७२ तासांनी पुन्हा बघा. पेशी दिसतात पण कूम्ब्सही ठळक पॉझिटिव्ह आहे, असं चित्र आलं तर मधल्या छटांचा मुद्दा पुन्हा काढा. तुमच्या बाईचा एचपीएलसी झालेला नसेल तर तो त्या वेळी करण्यापेक्षा आजच्या नमुन्यावर करून ठेवा. चढवलेल्या रक्ताने तोही बिघडतो.